‘होईल की, काका’ म्हणण्याआधी

पत्र

नमस्कार सर,

मी आर्किटेक्ट आहे, साताऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे. सध्या बाबांच्या एका मित्राचा तळमजला अधिक एक असा बंगला चालू आहे. दर रविवारी काका साइटवर येतात, चहा होतो आणि चहाबरोबर एखादा बदल निघतो: खिडकी मोठी करा, जिन्याखाली कपाट करा, ओटा फिरवा. मी ‘होईल की’ म्हणते, ठेकेदार ऐकतो आणि करून टाकतो. आतापर्यंत असे पाच बदल झाले. आता ठेकेदाराने जादा कामाचं २ लाख ४० हजारांचं बिल दिलंय आणि काम दीड महिना मागे आहे. काका म्हणतात, “तू होईल म्हणालीस, पैशाचं कधी बोललीस?” व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ठिकाणी त्यांचा अंगठा आहे. तेवढं पुरेल का? त्यातच परवा सहावा बदल आला. तळमजल्याच्या कोठीच्या खोलीत आजींसाठी संडास-बाथरूम हवंय. घरच्या माणसाला पत्रं पाठवायची म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. काय करू?

— एक आर्किटेक्ट, सातारा

उत्तर

अंगठ्याचं आधी सांगतो. त्या दोन अंगठ्यांच्या वर नेमका कोणता मेसेज आहे ते उघडून बघा. माझा अंदाज असा की एक अंगठा ठेकेदाराने टाकलेल्या फोटोला असेल आणि दुसरा तुमच्या ‘उद्या सुरू करतो’ला. फोटोखालच्या अंगठ्याचा अर्थ ‘पाहिलं’ एवढाच. त्याच्या वरच्या मेसेजमध्ये रुपये आणि दिवस लिहिलेले असतील तर तो अंगठा रुपयांना आणि दिवसांना आहे. नसतील तर तो कशालाच नाही.

खरी अडचण ‘होईल’ या शब्दात आहे. तुम्ही ‘होईल’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात असतं की बांधकामाच्या दृष्टीने हे शक्य आहे. काकांना ऐकू येतं की ठरलं, आणि ठरलेल्या पैशात ठरलं. ठेकेदाराला ऐकू येतं, उद्या सकाळी फोडा. एका शब्दाचे तीन अर्थ घेऊन तीन माणसं चहाचे कप खाली ठेवतात. मी हे फुकट शिकलो नाही. काम सुरू केलं त्या काळात एका घरी जेवताना ओट्याचा ‘एल’ उलटा करायचं ठरलं, मीही होईल म्हणालो. ग्रॅनाइट आधीच कापून आलं होतं, सिंकचं भोक पाडलेलं. ते दोन तुकडे पुढे कित्येक वर्षं माझ्या ऑफिसच्या मागच्या अंगणात कपडे धुवायला होते, आणि त्यांचे पैसे मी दिले होते.

म्हणून साइटवर तोंडातून निघणारं वाक्य बदला. “करता येईल असं वाटतंय काका. खर्च आणि दिवस काढून लिहून पाठवते, मग ठरवू.” एवढंच. यात नकार नाही आणि वाकडेपणाही नाही. ठेकेदार शेजारी उभा असेल तर त्याच्याकडे वळून, काकांच्या देखत म्हणा, “माझा बदल क्रमांक आल्याशिवाय हात लावू नका.” पाचही बदलांत पैसे चढले ते ठेकेदाराने तोंडी ऐकून काम केल्यामुळे. ही वाट बंद झाली नाही तर बाकीचं सगळं लिहिणं वाया जाईल.

आता आजींचं बाथरूम घेऊ. त्यात सगळं आहे.

रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे दर नसणार, लेव्हलही नसणार. तरीही त्याच संध्याकाळी पहिला मेसेज जायला हवा, कारण सोमवारी सकाळी ठेकेदार साइटवर असतो. तो साधारण असा असेल:

> काका, आज साइटवर बोललो ते लिहून ठेवते. कोठीच्या खोलीत आजींसाठी संडास-बाथरूम करता येईल का, असं तुम्ही विचारलंत. चेंबरची लेव्हल बघून आणि ठेकेदाराकडून दर घेऊन मंगळवारी खर्च आणि दिवस कळवते. तोपर्यंत त्या खोलीचं काम थांबवलंय, बाकी काम ड्रॉइंगप्रमाणे चालू आहे.

इथे काहीच ठरलेलं नाही, आणि नेमकं तेच लिहून ठेवलंय. काकांच्या डोक्यात बाथरूम झालेलं असतं, हा मेसेज त्याला परत ‘विचारात आहे’ या जागी आणून ठेवतो.

सोमवारी साइटवर जाऊन दोन गोष्टी तपासा. पहिली उताराची. संडासाच्या ४ इंची पाइपला साधारण ४० ला १ असा उतार देतात. कोठीच्या बाहेरच्या भिंतीपासून मागच्या चेंबरपर्यंत ११ मीटर अंतर आहे असं धरलं, तर पाइप तेवढ्या अंतरात साडेसत्तावीस सेंटिमीटर खाली उतरणार. चेंबरचा तळ त्याहून खाली असेल तर ठीक. वर असेल तर पुढची सगळी लाइन खोल करावी लागते, आणि मग हा बदल एका खोलीपुरता राहत नाही. दुसरी गोष्ट प्लिंथ बीमची. खोलीतून बाहेर पडणारा पाइप बहुतेक वेळा बीमच्याच उंचीवर येतो. बीम फोडायची नाही, पाइप तिच्या खालून काढायचा. म्हणजे खोदाई वाढली आणि आरसीसी कन्सल्टंटला एक फोन करायचा राहिला. ‘होईल’ म्हणताना यातलं काहीच आपल्या डोळ्यासमोर नसतं. या दोन गोष्टी न बघता लिहिलेला आकडा म्हणजे सही केलेला अंदाजपंचे.

मग ठेकेदाराकडून दर घ्या, आणि तेही लेखी. त्याच्या स्वतःच्या वहीच्या पानाचा फोटो चालेल. तुम्ही क्लायंटला १ लाख ३५ लिहायचं आणि ठेकेदाराने नंतर १ लाख ६० लावायचे, असं झालं तर मधले २५ हजार कोणाच्या गळ्यात पडणार हे तुम्हाला आता सांगायला नको.

मंगळवारचा मेसेज आता नीट लिहू. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमच्या साइटचे दर घाला.

> बदल क्र. ६: तळमजला, कोठीची खोली (ड्रॉइंग ए-०४)
>
> काय: कोठीच्या जागी ५ फूट × ७ फूट संडास-बाथरूम. दार आजींच्या खोलीत उघडेल. कोठीतली कडप्प्याची फडताळं रद्द.
>
> खर्च: खोदाई, लाइन, नवा चेंबर, भिंत, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स मिळून ७३,०००. आतलं प्लंबिंग आणि वायरिंग २७,०००. दार १४,०००. कमोड, नळ, गीझर यांसाठी ३२,००० धरलेत. तुम्ही निवडाल त्याप्रमाणे हा एकच आकडा कमी-जास्त होईल. फडताळं रद्द झाल्यामुळे ११,००० वजा. एकूण १,३५,०००. माझी ड्रॉइंगची फी ८,००० वेगळी.
>
> वेळ: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार आला तर घर ताब्यात येण्याची तारीख ६ दिवस पुढे जाईल. त्यानंतर आला तर साधारण ३ आठवडे, कारण सोमवारी तळमजल्याचं प्लास्टर सुरू होतंय आणि गवंड्यांची टोळी ते संपवून दुसऱ्या साइटवर जाणार आहे.
>
> शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर ती खोली कोठी म्हणूनच, ए-०४ प्रमाणे पूर्ण करू.
>
> मान्य असेल तर याच मेसेजला ‘बदल ६ मान्य’ एवढं लिहून पाठवा.

या मेसेजमध्ये लोक सर्वांत जास्त कुठे चुकतात, तर वेळेत. बाथरूमचं काम चौदा दिवसांचं असेल तर ते सरळ ‘१४ दिवस’ लिहितात. पण त्या चौदा दिवसांत वरच्या मजल्याच्या टाइल्स चालूच राहणार असतात. घर उशिरा मिळतं ते बाकीचं काम ज्याच्यासाठी थांबून राहतं तेवढ्याच दिवसांनी. इथे तळमजल्याच्या फरशीला ती लाइन बुजवून व्हायची वाट बघावी लागते, म्हणून सहा दिवस. याच्या उलटही घडतं. दोन तासांच्या बदलासाठी तीन आठवडे जातात, कारण टोळी निघून गेलेली असते. म्हणून ‘काम किती दिवसांचं’ ते न लिहिता ‘ताब्याची तारीख किती दिवस पुढे’ ते लिहा. आणि हा आकडा होकार कधी येतो यावर हलतो, म्हणून शेवटची तारीख त्याच्या जोडीला हवीच. तारीख नसलेला मेसेज काका दिवाळीनंतर उघडतील आणि दर जूनचे मागतील.

‘उत्तर आलं नाही तर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे’ हे वाक्य मी कधीच गाळत नाही. काही मंडळी उलट लिहितात: तीन दिवसांत हरकत आली नाही तर मान्य समजू. हे करू नका. गप्प बसलेल्या माणसाच्या खिशातून १ लाख ३५ हजार काढायला गेलात तर तो बिलाच्या दिवशी तोंड उघडणार, आणि त्याचं बरोबर असेल. गप्प राहिलं की काहीच बदलत नाही, ही गोष्ट दोघांनाही सोयीची. उत्तर न देणाऱ्याला कोठी मिळते आणि कोठी आधीच ठरलेल्या पैशात असते.

वजाबाकीची ओळही विसरू नका. फडताळांचे अकरा हजार ठेकेदार आपण होऊन कधी कमी करत नाही. क्लायंटला ते आठवतात, पण शेवटच्या बिलाच्या वेळी, आणि मग त्याला वाटतं की आपल्याला सगळीकडेच फसवलंय. ज्या बदलात खर्च शून्य आणि दिवसही शून्य, तोही नंबर देऊन पाठवा. ‘बदल ७: आजींच्या खोलीचा पंख्याचा पॉइंट दीड फूट खिडकीकडे. खर्च नाही, वेळ नाही.’ असे दोन-तीन मेसेज गेले की तुमचा नंबर दिसताच काकांच्या पोटात गोळा येत नाही. अविश्वासाची तुमची धास्ती मला वाटतं इथेच निवते. फक्त पैसे मागायच्या वेळी लिहिणारा माणूस संशयी वाटतो. सगळंच लिहिणाऱ्याची ती पद्धत आहे म्हणून लोक सोडून देतात.

फीबद्दल संकोच करू नका. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या कामाच्या अटींमध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. खर्चावर परिणाम होणारा बदल क्लायंटच्या आधीच्या संमतीशिवाय आर्किटेक्टने करायचा नाही. आणि क्लायंटने मूळ योजनेत मोठा फेरबदल केला तर जादा कामाचा मोबदला आपसात ठरवून घ्यायचा. पहिली अट तुम्ही पाचदा मोडलीत, हे जरा मनात ठेवा. म्हणून दुसरीवर फार जोर देता येणार नाही, त्याबद्दल खाली बोलतो.

बाथरूमला बाहेरच्या हवेची खिडकी लागणार, आणि मंजूर नकाशात ती खोली कोठी आहे. नकाशा सुधारून घ्यावा लागेल का, हे काम सुरू करण्याआधी बघा. लागणार असेल तर मेसेजमध्ये तसं लिहा. पण नगरपालिकेला किती दिवस लागतील त्याचा आकडा घालू नका. ‘मंजुरीला लागणारा वेळ यात धरलेला नाही’ एवढंच. जे आपल्या हातात नाही त्याची तारीख दिली की ती आपलीच चूक ठरते.

व्हॉट्सअ‍ॅप चालतं. क्लायंट तिथेच आहे, ई-मेल तो उघडत नाही. पण काही गोष्टी सांभाळा. ग्रुपवर पाठवू नका. तिथे काका, काकू, ठेकेदार, वायरमन, पुण्याचा मुलगा सगळे आहेत, आणि मुलाने ‘मस्त आयडिया’ लिहिलं की ठेकेदाराला तेच पुरतं. होकार कोणी द्यायचा ते काकांनाच एकदा विचारून लिहून घ्या. प्लॉट दोघांच्या नावावर असेल तर काकूंनाही विचारा. माझ्या अनुभवात ओटा, देवघर आणि बाथरूमचा शेवटचा शब्द बहुतेक काकूंचा असतो, आणि तो उशिरा येतो. काकांनी व्हॉइस नोट पाठवली तर तिचं सार तुम्ही लिहून परत पाठवा. चार मिनिटांच्या नोटमधलं ‘तसं बघ काहीतरी’ कोणत्या खिडकीबद्दल होतं, हे महिन्याने त्यांनाही सांगता येत नाही. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग बंद आहे ना ते बघा. होकार आला की त्याच दिवशी तो मेसेज आणि ड्रॉइंगची सुधारित प्रत पीडीएफ करून काकांना आणि ठेकेदाराला पाठवा. ड्रॉइंगवर बदलाचा नंबर, तारीख आणि बदललेल्या जागेभोवती ढग काढलेला हवा. ठेकेदाराने कामाला हात लावायचा तो या प्रतीवरून, मेसेजवरून नाही.

कोर्टाचा विचार असेल तर, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही. चॅट पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे वकिलाचं काम. बाबांच्या मित्रावर तुम्ही दावा लावणार नाही हे मला माहीत आहे आणि काकांनाही माहीत आहे.

घाईची वेळही कुठल्यातरी साइटवर येईलच. उद्या सकाळी वरचा स्लॅब आहे आणि रात्री नऊ वाजता क्लायंटचा फोन: हॉलमध्ये झुंबरासाठी हुक टाका. तिथे मंगळवार-शुक्रवार चालत नाही. मग कमाल आकडा लिहा: ‘बदल ८: हॉलच्या मध्ये झुंबराचा हुक आणि पाइप. जास्तीत जास्त ४,०००, स्लॅबची तारीख तीच. सकाळी सातच्या आत मान्य लिहिलंत तर टाकते.’ सातला उत्तर नाही, तर हुक नाही. सळई बांधून झालेल्या स्लॅबवर मिक्सर सुरू झाला की आपल्या भिडेला किंमत राहत नाही.

राहिले जुने पाच बदल आणि ते २ लाख ४० हजार. त्यांच्यासाठी आता मागच्या तारखा घालून मेसेज पाठवू नका. पुढचं सगळं खोटं वाटू लागेल. एका कागदावर पाचही बदल लिहा. प्रत्येकासमोर कोणत्या रविवारी निघाला, ड्रॉइंगमध्ये काय होतं, आता काय आहे आणि ठेकेदाराच्या बिलातली रक्कम. साइटचे फोटो तारखेनिशी फोनमध्ये असतीलच. मग ठेकेदाराला घेऊन टेप लावून मापं घ्या. खिडकी चार फुटांची सात फुटांची केली असेल तर वाढलेली लिंटेल आणि ग्रिल बिलात हवीच, पण वाचलेलं वीटकाम आणि प्लास्टर वजा झालंय का? पाच बदलांत अशी वजाबाकी पाच ठिकाणी राहिलेली असते. बिल किती उतरेल ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण २ लाख ४० हजारांवर राहिलं तर मला नवल वाटेल.

जे उरेल ते काम काकांच्या घरात उभं आहे, आणि त्याचे पैसे ठेकेदाराला मिळाले पाहिजेत. हे त्यांना समोर बसून सांगा, मेसेजवर नाही. या पाच बदलांची तुमची फी मात्र सोडा. आकडा तुम्ही सांगितला नाहीत, तो सांगणं तुमचं काम होतं. एखाद्या बदलात चूक तुमच्या ड्रॉइंगची असेल तर ती ओळ आधीच स्वतःच्या नावावर लिहून न्या. काकांनी ती शोधून काढण्याआधी. दीड महिन्यातले कोणते दिवस पावसाचे, कोणते ठेकेदाराकडे माणसं नव्हती म्हणून आणि कोणते बदलांचे, तेही त्याच कागदावर वेगळं करा. नाहीतर सगळा दीड महिना बदलांच्या नावावर जाईल आणि काका तो मान्य करणार नाहीत.

हा कागद आणि सहाव्या बदलाचा मेसेज एकाच दिवशी देऊ नका. आधी बाथरूमचं होऊ द्या. शुक्रवारी ‘बदल ६ मान्य’ आला की काकांनी एकदा आकडा बघून होकार दिलेला असेल. त्यानंतरच्या रविवारी जुना कागद घेऊन जा, आणि चहाच्या आधी काढा.